छर्रा नाही, आवाज नाही, फक्त क्लिक: घरातली ड्राय फायर प्रॅक्टिस

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडची ही लेखी प्रत. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, मधले अडखळणं आणि चहाचे घोट तेवढे काढलेत.

सुरुवात एका कपाटापासून करते. कोल्हापूरला आमच्या घरी माझ्या खोलीत एक प्लायवूडचं कपाट आहे. त्याच्या दारावर, माझ्या खांद्याच्या थोडं वर, एक बारीक खड्डा आहे. त्यात शिशाचा चपटा झालेला छर्रा अजून रुतलेला आहे. आई म्हणते सनमायका बदलून घेऊ. मी बदलू देत नाही. तो छर्रा माझ्याच पिस्तुलातून सुटला, ज्या संध्याकाळी मी घरी 'छर्ऱ्याशिवाय' सराव करत होते.

तर आजचा विषय ड्राय फायर. म्हणजे पिस्तुलात छर्रा न घालता, हवा न सोडता, नेम धरून ट्रिगर दाबायचा. बाहेर काहीच जात नाही, फक्त 'टिक' असा आवाज येतो. मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते, त्यामुळे सगळं त्याच्याच संदर्भात सांगणार आहे. आधी हे कशासाठी करायचं ते सांगते, मग कसं करायचं ते, आणि मग त्या छर्ऱ्याची पूर्ण गोष्ट.

ट्रिगरवर एवढं काय अडलंय?

नवीन असताना मला वाटायचं, हात हलतो म्हणून माझे शॉट बाहेर जातात. सरांनी एक दिवस कागदावर गणित मांडून दाखवलं. ते तुम्हीही घरबसल्या करून बघा.

पिस्तुलावर दोन साइट असतात. डोळ्याजवळची खाचेची ती रिअर साइट, आणि नळीच्या टोकाकडची ती फोरसाइट. दोघींमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरू. टार्गेट आहे १० मीटरवर, म्हणजे १००० सेंटिमीटरवर. आता १००० ला ३३ ने भागा. आलं तीस. याचा अर्थ, फोरसाइट खाचेच्या मध्यापासून फक्त एक मिलिमीटर सरकली, तर टार्गेटवर छर्रा तीसपट, म्हणजे ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे ११.५ मिलिमीटर. एका मिलिमीटरच्या चुकीला तुम्हाला मिळतात सात गुण. चूक ०.२ मिलिमीटर असेल तर दहा वाचतो. ०.३ झाली की नऊ.

याउलट, दोन्ही साइट एकमेकींशी अगदी सरळ आहेत आणि सगळा हातच एक मिलिमीटर उजवीकडे सरकला, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. म्हणजे दहाच.

हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात थोडा डुलतो, तो सगळ्यांचाच डुलतो. तो डुलत असताना साइट एका रेषेत राहिल्या तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते शेवटच्या क्षणी मनगट वळलं की. आणि मनगट वळवतं कोण? ट्रिगर ओढणारं बोट.

एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. म्हणजे अर्धा किलो साखरेची पुडी एका बोटाने उचलण्याइतकं वजन. ते सावकाश, नळीच्या रेषेत सरळ मागे घेतलं तर साइट जागची हलत नाही. पण काळ्या वर्तुळाखाली साइट छान बसलेली दिसली की मेंदू ओरडतो, 'आत्ता! सोड!' आणि बोट झटका मारतं. बोटाबरोबर बाकीची तीन बोटंही मुठीसारखी आवळली जातात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा शॉट मग बहुतेक वेळा डावीकडे खाली जातो.

मग रेंजवरच का नाही शिकायचं?

शिकतोच. पण रेंजवर एक अडचण आहे. शॉट सुटला की पिस्तूल थोडं हलतं, हवेचा आवाज होतो, आणि आपली नजर लगेच मॉनिटरवर जाते. किती आले? नऊ? अरेरे. या सगळ्यात ट्रिगर सुटला त्या नेमक्या क्षणी साइट कुठे होती, हे बघायचं राहूनच जातं. आपण निकाल बघतो, कारण बघत नाही.

ड्राय फायरमध्ये निकालच नाही. हवा नाही, धक्का नाही, मॉनिटर नाही. 'टिक' झालं तेव्हा फोरसाइट हलली, तर ती तुमच्या बोटानेच हलवली. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. यातून ट्रिगर सुधारतो तो एवढ्याच साध्या कारणाने.

शिवाय छर्रे वाचतात. मॅचला ६० शॉट, त्याआधीचे सायटिंगचे शॉट धरून सरावाला दिवसाला ऐंशी तरी लागतात. पाचशे छर्ऱ्यांचा डबा सहा दिवसांत संपतो. मी पुण्यात शिकायला आले तेव्हा रेंज आठवड्यातून तीनदाच जमायची. बाकीचे दिवस माझे ड्राय फायरने भरून निघाले.

माझी वीस मिनिटं

पहिलं टार्गेट म्हणजे काहीच नाही. खरंच. कोरी भिंत. पांढरी, एकसारखा उजेड पडलेली. टार्गेट असलं की नजर त्याच्याकडे पळते. कोऱ्या भिंतीवर नजरेला जायला जागाच नसते, ती फोरसाइटवरच थांबते. फोरसाइट कडक, स्वच्छ दिसली पाहिजे. तिच्या दोन्ही बाजूंना खाचेतून उजेडाच्या दोन फटी दिसतात. त्या सारख्या जाडीच्या ठेवायच्या.

आता बोट. पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर. या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात तो थोडा मागे येतो आणि एका जागी अडतो. ते अडणं बोटाला स्पष्ट कळतं. हात खाली येऊन स्थिरावेपर्यंत पहिला टप्पा घेऊन झालेला असावा. मग दुसऱ्या टप्प्यावर दाब वाढवत न्यायचा, न थांबता. क्लिक 'करायचा' नाही, तो 'होऊ द्यायचा'. झाल्यावर बोट लगेच सोडायचं नाही. मनात 'एक, दोन' म्हणत तसंच धरून फोरसाइटकडे बघत राहायचं. याला फॉलो थ्रू म्हणतात. आणि आठेक सेकंदांत क्लिक झालाच नाही, तर हात खाली. ओढूनताणून सोडलेला शॉट बोटाला चुकीचंच शिकवतो.

माझा क्रम असा. आधी पाच वेळा नुसतं होल्डिंग, ट्रिगरला हात नाही. मग कोऱ्या भिंतीवर पंधरा क्लिक. दोन क्लिकच्या मध्ये अर्धा मिनिट हात खाली. शेवटी छोट्या टार्गेटवर दहा क्लिक.

प्रत्येक क्लिकनंतर वहीत एक खूण करते. साइट हललीच नाही तर टिंब. हलली तर ज्या दिशेला हलली तिकडे बाण. बस्स, एवढंच. एका संध्याकाळचा हिशोब सांगते. पंधरापैकी आठ टिंबं, पाच बाण डावीकडे, दोन खाली. पाच बाण एकाच दिशेला म्हणजे योगायोग नाही. बोट बघितलं तर ट्रिगरला फक्त टोक लागत होतं, त्यामुळे तो मागे जाण्याऐवजी बाजूला ढकलला जात होता. ग्रिपमध्ये हात थोडा नीट बसवून पेराचा मधला भाग ट्रिगरवर आणला. दुसऱ्या दिवशी डावीकडचा बाण एकच. खाली जाणारे दोन मात्र तसेच राहिले. ते मूठ आवळण्याचे होते, ते जायला पुढे तीन आठवडे लागले. एका वेळी एकच चूक धरा, हे मी त्या वहीतून शिकले.

छोटं टार्गेट कसं बनवायचं

घरात दहा मीटर कुठून आणणार? माझ्या खोलीत जेमतेम तीन मीटर मिळतात. काही हरकत नाही, टार्गेटच लहान करायचं. खऱ्या टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा असतो. तीन मीटरवरून तो तेवढाच दिसायला हवा, तर ५९.५ गुणिले ३ भागिले १०. साधारण १८ मिलिमीटर. कागदावर तेवढा काळा गोल काढा, झालं.

लावायचा किती उंचीवर, यात बरेचजण चुकतात. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असतो, म्हणून घरीही १४० वरच लावतात. पण तीन मीटरवर तेच केलं तर हात जास्त खाली झुकतो आणि शरीराला वेगळाच कोन लागतो. माझ्या डोळ्यांची उंची १६० सेंटिमीटर. रेंजवर टार्गेट माझ्या डोळ्यांच्या २० सेंटिमीटर खाली असतं. तीन मीटरवर त्याच्या तीन दशांश, म्हणजे ६ सेंटिमीटर खाली. म्हणून माझा गोल १५४ वर आहे. तुम्ही तुमच्या उंचीचं गणित करा.

आता त्या छर्ऱ्याची गोष्ट

रेंजवर शेवटची सिरीज चालू होती. मी छर्रा घातला, लीव्हर बंद केली, तेवढ्यात 'स्टॉप'ची ऑर्डर आली. अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं: हात वर करून अधिकाऱ्यांना सांगायचं आणि ते सांगतील तसं पिस्तूल रिकामं करायचं. पण बाहेर बाबा गाडीचा हॉर्न वाजवत होते. मी पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटी बंद केली. नळीत सेफ्टी फ्लॅगही घातला नाही.

रात्री जेवण झाल्यावर ड्राय फायरला बसले. बऱ्याच मॅच पिस्तुलांवर ड्राय फायरची कळ असते. ती फिरवली की ट्रिगर नेहमीसारखा चालतो, पण हवा सुटत नाही. माझ्या डोक्यात ती कळ ड्राय फायरवर होती. प्रत्यक्षात दुपारी मी ती फायरवर केली होती. पिस्तूल आधीच कॉक झालेलं होतं, तेही मला खटकलं नाही. मी कपाटावर लावलेल्या गोलावर नेम धरला. 'टिक' ऐवजी 'ठप्प' झालं.

धाकटी बहीण त्याच कपाटातून टॉवेल घेऊन नुकतीच बाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते शांतपणे म्हणाले, "तू किती चुका केल्यास? मोज." मी मोजल्या. रेंजवर रिकामं केलं नाही. फ्लॅग नाही. घरी उघडून बघितलं नाही. कळ तपासली नाही. मागे प्लायवूड. पाच. सर म्हणाले, "यातली एक जरी केली नसतीस तरी कपाट वाचलं असतं बाळा. म्हणून सगळ्या गोष्टी रोज करायच्या. ज्या दिवशी चार विसरशील त्या दिवशी पाचवी वाचवेल."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, आणि मी तो मोठ्याने बोलत करते. घरचे हसतात. हसू देत.

सगळ्यात आधी छर्रे खोलीबाहेर. डबा, सुटे छर्रे, खिशातले छर्रे, सगळे दुसऱ्या खोलीत. ज्या खोलीत ड्राय फायर, त्या खोलीत एकही छर्रा नाही.

मग नळी सुरक्षित भिंतीकडे ठेवून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून लीव्हर उघडायची आणि आत बघायचं. नुसतं बघून भागत नाही, सेफ्टी फ्लॅगची दोरी आतून घालून नळीच्या टोकातून बाहेर आलेली दिसली पाहिजे. दोरी आरपार गेली म्हणजे मध्ये काही नाही. मगच ती काढायची.

मग कळ. ड्राय फायरवर आहे का ते डोळ्यांनी बघायचं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे सिलिंडर काढूनही ट्रिगर चालत असेल तर सिलिंडरही काढून ठेवा.

मग भिंत. विटांची किंवा काँक्रीटची, जिच्यामागे कुणाची ये-जा नाही अशी. दार नाही, खिडकी नाही, कपाट नाही, पार्टिशन नाही, आरसा नाही, टीव्ही तर नाहीच. पिस्तूल रिकामं आहे याची शंभर टक्के खात्री असली तरी भिंत अशी निवडायची की समजा सुटलाच, तर कुणाला लागणार नाही. खोलीचं दार आतून बंद, पडदे ओढलेले. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना खिडकीत पिस्तूल धरलेली मुलगी दिसली तर त्यांनी काय समजायचं?

फोन खोलीबाहेर. मध्ये फोन आला, कुणी दार वाजवलं, सिलिंडर बदलला, तर पुन्हा पहिल्यापासून. 'आत्ताच तर तपासलं होतं' हे वाक्य माझ्याकडे चालत नाही. ट्रिगर बोटाचा व्हिडिओ काढायचा असेल तर त्या दिवसापुरता फोन फ्लाइट मोडवर टाकून स्टँडवर, बाजूला. स्लो मोशनमध्ये बोट आणि मूठ छान दिसते. पण नळीसमोर फोन ठेवून रील काढायची नाही. फोन समोर गेला की तो लावायला माणूसही समोर जातो.

आणि शेवट. मला विचाराल तर हाच क्षण सगळ्यात नाजूक. दहा क्लिक झाले की मोठ्याने म्हणते, "ड्राय फायर संपलं." फ्लॅग नळीत, पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, कागदी टार्गेट भिंतीवरून खाली. टार्गेट भिंतीवर राहिलं की मन म्हणतं, अजून एकच. त्या 'अजून एकच'ला तपासणी कुणी करत नाही. घरात लहान मुलं असतील तर कुलपाची किल्ली त्यांच्या हाताला लागता कामा नये. तुम्ही स्वतः अठराच्या आत असाल तर घरचं मोठं माणूस खोलीत असू दे.

कशावर करायचं नाही

हे नीट वाचा, कारण यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात. जत्रेत फुगे फोडायला असते तशी नळी मोडून कॉक करायची स्प्रिंगची एअर गन असेल, तर तिच्यावर रिकामं फायर करू नका. तिच्यातला पिस्टन पुढे धावतो, आणि छर्रा असला की अडलेल्या हवेची गादी त्याला थांबवते. छर्रा नसेल तर हवा सरळ निघून जाते आणि पिस्टन टोकावर आदळतो. सील आणि स्प्रिंग, दोन्हीला मार बसतो.

पॉइंट टू टू रिमफायर पिस्तुलाचंही तसंच. त्यात फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर बसते. काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि दोन्ही खराब होतात. तिथे बनवणाऱ्याची परवानगी बघायची, आणि त्याच मापाचं डमी काडतूस वापरायचं. डमी रंगाने वेगळं ओळखू येणारं हवं, आणि खरी काडतुसं त्या खोलीत अजिबात नकोत.

यातून काय होणार नाही

ड्राय फायरने साइटची सेटिंग होत नाही. छर्रा कुठे लागतो हे रेंजवरच कळतं. मॅचमध्ये छाती धडधडते, ती इथे धडधडत नाही. आणि एक धोकाही आहे: चुकीचा ट्रिगर रोज पन्नासदा दाबलात तर तोच पक्का होतो. म्हणून वहीतले बाण लागोपाठ वाढायला लागले की मी थांबते. तेव्हा बोट थकलेलं असतं, नाहीतर मन. मी कधी पंधरा क्लिकवरच पेटी बंद करते.

आता रेंजवर गेल्यावर पहिले दहा क्लिक मी ड्रायच करते, रेंज अधिकाऱ्यांना विचारून. मग छर्रा घालते, आणि मॉनिटर बघायच्या आधी स्वतःशी सांगते, डावीकडे गेला, किंवा दहा आहे. मग बघते. अंदाज आणि मॉनिटर जुळायला लागले की समजायचं, घरातलं काम बोटात उतरलं.

तुमच्या वहीत बाण कुठल्या दिशेला जातायत ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. पुढच्या भागात ग्रिपबद्दल बोलू, मूठ आवळणारे ते दोन बाण कसे गेले त्याबद्दल. आणि आज रात्री सरावाला बसणार असाल तर आधी लीव्हर उघडा, आत बघा. मी पण बघते. चला, भेटू!